नकळत उतरणारे वजन टक्क्यांत कसे मोजावे: मूळ वजन, कालावधी आणि पाच टक्क्यांची खूण

वजन उतरल्याची तक्रार घेऊन येणारी माणसे बहुतेक वेळा किलोंमध्ये बोलतात. ‘तीन किलो कमी झाले’ असे सांगतात आणि हे काळजीचे आहे का, असे विचारतात. नुसत्या तीन किलोंवरून त्याचे उत्तर देता येत नाही. ज्या बाईचे नेहमीचे वजन ४५ किलो आहे, तिच्या दृष्टीने तीन किलो म्हणजे शरीराचा ६.७ टक्के भाग गेला. ९० किलोंच्या पुरुषाचे तेवढेच वजन उतरले, तर तो भाग ३.३ टक्के होतो. शिवाय ही घट तीन महिन्यांतली आहे की तीन वर्षांतली, हे कळल्याखेरीज टक्केवारीलाही अर्थ येत नाही. म्हणून वैद्यकात घट नेहमी टक्क्यांत आणि कालावधीसह मोजतात. एखाद्या प्रौढ व्यक्तीने वजन कमी करण्याचा कोणताही प्रयत्न केलेला नसताना सहा ते बारा महिन्यांत तिच्या नेहमीच्या वजनाच्या पाच टक्के किंवा त्याहून अधिक घट झाली असेल, तर ती लक्षणीय मानावी आणि तिचे कारण शोधावे, हा सर्वसाधारणपणे वापरला जाणारा निकष आहे.

रुग्णालयात आहारतज्ज्ञ म्हणून काम करताना मला असे दिसत आले आहे की हा निकष माहीत असलेल्या माणसांचीही गणना चुकते, आणि चूक भागाकारात नसते; ती कोणते वजन मूळ धरायचे, इथे असते. घरातील ज्येष्ठांच्या वजनाची नोंद ठेवू इच्छिणारे आणि आरोग्यसेविका किंवा आशा म्हणून नव्याने काम सुरू केलेले, या दोघांसाठी पुढील पायऱ्या लिहिल्या आहेत. लहान मुलांना हा निकष लावू नये, कारण त्यांचे वजन घटण्याची वाट न पाहता वाढ थांबली तरी दखल घ्यावी लागते आणि त्यासाठी वाढीचा तक्ता वापरतात. गर्भवतीच्या वजनाचेही नियम वेगळे आहेत.

पहिली पायरी: वजन एकाच पद्धतीने करणे

पन्नास किलोंच्या माणसाचे पाच टक्के म्हणजे फक्त अडीच किलो. घरचा काटा आणि दवाखान्यातील काटा यांच्यात एक-दीड किलोचा फरक सहज असू शकतो, म्हणजे आपण जी घट शोधतो आहोत, तिचा साधारण निम्मा भाग केवळ काटा बदलल्याने दिसू किंवा झाकला जाऊ शकतो. त्यामुळे शक्यतो एकच काटा वापरावा आणि तो सतरंजीवर किंवा उंचसखल शेणाच्या जमिनीवर न ठेवता सपाट, टणक फरशीवर ठेवावा. सकाळी शौचास जाऊन आल्यावर, काही खाण्यापूर्वी, चपला काढून आणि हलक्या कपड्यांत वजन करावे. नऊवारी लुगडे, स्वेटर, शाल, कमरेचा किल्ल्यांचा जुडगा आणि अंगावरचे दागिने मिळून एक किलोच्या आसपास भर सहज पडते. हिवाळ्यातील वजन उन्हाळ्यातील वजनाशी ताडताना हे विशेष लक्षात ठेवावे. काट्याची शंका आली, तर पाच किलोची न फोडलेली साखरेची किंवा पिठाची पिशवी हातात घेऊन एकदा आणि न घेता एकदा उभे राहावे. दोन आकड्यांत पाच किलोंचा फरक आला नाही, तर तो काटा गणनेसाठी वापरू नये.

रोज वजन करण्याने फायदा होत नाही. खाणे, पाणी आणि पोट साफ होणे यांमुळे निरोगी माणसाचेही वजन दिवसागणिक एखाद-दोन किलोंनी हलते, आणि रोजचा आकडा पाहणारा माणूस उगाच धास्तावतो किंवा उगाच निर्धास्त होतो. महिन्यातून एकदा, ठरलेल्या तारखेला केलेली नोंद पुरते. ती तारीख, वजन आणि काटा कुठला, या तीन गोष्टींसह वहीत लिहावी. खेड्यात घरी काटा नसेल, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा उपकेंद्रात वजन करावे. धान्याच्या पोत्यांच्या वजनकाट्यावर केलेले वजनही चालेल, मात्र पुढची वजनेही त्याच काट्यावर झाली पाहिजेत.

दुसरी पायरी: मूळ वजन ठरवणे

भागाकारात खाली जे वजन धरायचे, ते म्हणजे त्या व्यक्तीचे नेहमीचे वजन. आजारपण किंवा घट सुरू होण्यापूर्वी ती ज्या वजनावर बराच काळ स्थिर होती, ते. उंचीवरून काढलेले आदर्श वजन इथे मुळीच घेऊ नये. ही चूक फार नुकसान करते, कारण स्थूल माणसाचे वजन आपोआप उतरू लागले की घरचे आणि कधी डॉक्टरही त्याचे अभिनंदन करतात. ९२ किलोंचा माणूस काहीही न करता आठ महिन्यांत ८६ किलोंवर आला, तर त्याच्या शरीराचा ६.५ टक्के भाग गेलेला आहे. तो अजूनही स्थूल आहे, म्हणून ही घट कमी महत्त्वाची ठरत नाही.

नेहमीचे वजन बहुतेकांना आठवत नाही, आणि जे आठवते ते पुष्कळदा तरुणपणीचे असते. त्यामुळे आधी कागद शोधावेत. मधुमेहाच्या किंवा रक्तदाबाच्या तपासणीचे जुने केसपेपर, मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेपूर्वीची नोंद, विम्यासाठी झालेली वैद्यकीय तपासणी, यांपैकी काहीतरी बहुतेक घरांत सापडते. मागील एका वर्षातील नोंदी मिळाल्या, तर त्यांतील असे सर्वांत जास्त वजन मूळ धरावे, जे सूज नसताना आणि बऱ्यापैकी विश्वासार्ह काट्यावर घेतलेले आहे.

एकही कागद मिळाला नाही, तर अंगावरच्या वस्तूंना विचारावे. हातातील बांगड्या कोपराकडे सरकू लागणे, अंगठीला दोरा गुंडाळावा लागणे, ब्लाउजला आतून टीप घालावी लागणे, पट्ट्याला नवे भोक पाडावे लागणे, कवळी सैल होऊन बोलताना हलणे, ही सारी खरी घट झाल्याची चिन्हे आहेत. वजन उतरल्याचे सांगणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांची घट प्रत्यक्ष नोंदींत दिसत नाही, हे खरे. पण कपड्यांच्या मापात फरक पडला असेल आणि घरातील दुसऱ्या व्यक्तीनेही तसे स्वतंत्रपणे सांगितले, तर ती तक्रार खरी मानून पुढे जावे. अशा वेळी टक्केवारीचा अंदाज लिहावा आणि तो अंदाज असल्याचेही लिहावे.

तिसरी पायरी: भागाकार

नेहमीच्या वजनातून आजचे वजन वजा करावे, आलेल्या फरकाला नेहमीच्या वजनाने भागावे आणि शंभराने गुणावे.

वजनघट (टक्के) = (नेहमीचे वजन − आजचे वजन) ÷ नेहमीचे वजन × १००

आजच्या वजनाने भागल्यास आकडा फुगतो. ६० किलोंवरून ५४ किलोंवर आलेल्या व्यक्तीची घट १० टक्के आहे. चुकून ५४ ने भागले, तर ती ११.१ टक्के दिसते. मोबाइलवर गणित करताना ही चूक सहज होते, कारण आजचे वजन नुकतेच टाइप केलेले असते. पडताळण्याचा सोपा मार्ग असा, की नेहमीच्या वजनाचे पाच टक्के आधीच काढून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावेत. नेहमीचे वजन ५६ किलो असेल, तर पाच टक्के म्हणजे २.८ किलो, म्हणून ५३.२ हा आकडा पानावर असावा. मग दर महिन्याला गणित करावे लागत नाही; वजन त्या आकड्याला पोहोचले का, एवढेच पाहावे लागते.

एक उदाहरण

हे उदाहरण मी अनेक रुग्णांच्या अनुभवांवरून जुळवून घेतले आहे. सहासष्ट वर्षांच्या एक आजी दर तीन महिन्यांनी मधुमेहाच्या तपासणीला जातात. जूनमध्ये त्यांचे वजन ५६ किलो होते, सप्टेंबरमध्ये ५४.८, डिसेंबरमध्ये ५३.६ आणि मार्चमध्ये ५२.४ भरले. चारही वजने त्याच दवाखान्यातील त्याच काट्यावर झाली. प्रत्येक भेटीत परिचारिकेने मागील भेटीचे वजन पाहिले आणि प्रत्येक वेळी साधारण सव्वा किलो, म्हणजे सुमारे दोन टक्के घट दिसली. दोन टक्क्यांनी कोणी थबकत नाही. घरचे म्हणत राहिले की साखर आणि भात सोडला म्हणून आई बारीक झाली, आणि त्यांना ते बरेही वाटले.

इथे चूक कोणाच्या हलगर्जीपणाची नाही. मूळ वजन दर भेटीला नकळत खाली सरकत गेले, हे तिचे कारण आहे. डिसेंबरमध्ये तुलना ५४.८ शी झाली आणि मार्चमध्ये ५३.६ शी, आणि ५६ हा आकडा केसपेपरच्या मागच्या पानावर राहून गेला. जूनचे वजन मूळ धरून गणित केले, तर मार्चपर्यंतची घट ३.६ किलो, म्हणजे ६.४ टक्के आणि तीही नऊ महिन्यांत भरते. शेवटच्या सहाच महिन्यांचा हिशेब केला, तर ५४.८ वरून ५२.४, म्हणजे ४.४ टक्के येतात, आणि निकष शब्दशः पाळणारा माणूस ‘अजून पाच झालेले नाहीत’ म्हणून थांबेल. म्हणून माझा आग्रह असा आहे की सहा महिन्यांची खिडकी उघडून त्यातूनच पाहू नये. बारा महिन्यांपर्यंत मागे जावे आणि मधल्या सर्वांत जास्त वजनापासून मोजावे. या आजींच्या वहीत ५३.२ हा आकडा आधीच लिहिलेला असता, तर डिसेंबरमध्ये ५३.६ दिसताच घरचे सावध झाले असते आणि पुढच्या महिन्यात निर्णय झाला असता.

डॉक्टरांनी विचारपूस केल्यावर कळले की आजींनी साखर सोडली होती हे खरे, पण भातही आता जात नव्हता. दोन घास खाल्ले की पोट भरल्यासारखे होत असे आणि संध्याकाळी अंग कणकणत असे. खोकला जवळजवळ नव्हता. छातीच्या एक्स-रेमध्ये डाग दिसला आणि बेडक्याच्या तपासणीत क्षयरोगाचे जंतू सापडले. मधुमेह असलेल्यांना क्षयरोगाचा धोका इतरांपेक्षा दुप्पट-तिप्पट असतो, आणि उतारवयात खोकल्याचे लक्षण ठळक नसतानाही हा आजार असू शकतो. भारतात क्षयरोगासाठी जी चार लक्षणे प्रामुख्याने विचारतात, ती म्हणजे खोकला, ताप, रात्रीचा घाम आणि वजन घटणे. या आजींच्या बाबतीत चौथे लक्षण नऊ महिने केसपेपरवर लिहिले जात होते.

चौथी पायरी: घट हेतुपुरस्सर आहे का, हे तपासणे

निकषात ‘प्रयत्न न करता’ ही अट आहे, आणि तीच सर्वाधिक फसवते, कारण वजन उतरले की माणूस त्यासाठी कारण शोधून काढतो. संध्याकाळी फिरायला जातो, गोड बंद केले, चातुर्मासात एकच वेळ जेवतो, अशी कारणे पुढे येतात आणि ती खोटी नसतात. पण घट सुरू होण्यापूर्वी तो बदल झाला होता का आणि त्या बदलातून एवढी घट होऊ शकते का, हे दोन प्रश्न विचारावेत. जो माणूस दहा वर्षे फिरायला जातो, त्याचे वजन याच वर्षी चार किलोंनी का उतरले, याचे उत्तर फिरण्यात नाही.

उपवासांचे आणि वारीचे वेगळे पाहावे. आळंदीहून पंढरपूरला पायी जाऊन आलेल्या वारकऱ्याचे वजन दोन-तीन किलोंनी उतरलेले असू शकते, आणि रमजाननंतरही काहींचे वजन थोडे कमी भरते. अशी घट नेहमीचे खाणे सुरू झाल्यावर भरून निघते किंवा निदान थांबते. त्यामुळे घरी परतल्यावर चार आठवड्यांनी पुन्हा वजन करावे. नेहमीसारखे जेवूनही ते उतरतच असेल, तर ते वारीच्या खाती टाकू नये.

औषधेही पाहावीत. मधुमेहाच्या मेटफॉर्मिनने भूक मंदावते, डापाग्लिफ्लोझिन आणि एम्पाग्लिफ्लोझिन लघवीवाटे साखर बाहेर टाकतात, त्यामुळे ही औषधे सुरू झाल्यावर वजन काहीसे उतरणे अपेक्षित असते. ते सहसा काही महिन्यांत स्थिरावते. औषध सुरू केल्याची तारीख वजनांच्या ओळीत लिहिली, तर घट आधी सुरू झाली की नंतर, हे लगेच दिसते. स्वतःहून औषध मात्र थांबवू नये.

पाचवी पायरी: पाण्याचे वजन ओळखणे

काटा मांस, चरबी आणि पाणी यांत भेद करत नाही, आणि एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. हृदयाच्या, मूत्रपिंडाच्या किंवा यकृताच्या आजारात अंगात पाणी साठते आणि खरी घट झाकली जाते. पोट फुगलेले, पायांवर सूज, पण दंड आणि मांड्या वाळलेल्या, कानशिले खोल गेलेली, अशी व्यक्ती काट्यावर ‘स्थिर’ दिसते. घोट्याच्या वर हाडावर अंगठ्याने काही सेकंद दाबून खड्डा पडतो का, हे पाहावे; पडत असेल, तर त्या दिवसाचे वजन टक्केवारीसाठी वापरू नये आणि सूज असल्याची नोंद करून डॉक्टरांना दाखवावे. उलट बाजूने, लघवीचे औषध सुरू झाल्यावर चार दिवसांत उतरलेले तीन किलो म्हणजे बहुतांशी पाणीच असते. जुलाब-उलट्यांनंतर झपाट्याने उतरलेले वजनही पाण्याचे असते. ते वजनघटीच्या हिशेबात धरू नये, पण ज्येष्ठांच्या बाबतीत त्यासाठी त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

सहावी पायरी: वेग पाहणे

पाच टक्के ही कारण शोधायला सुरुवात करण्याची खूण आहे. कुपोषण किती गंभीर आहे, हे ठरवताना आहारतज्ज्ञ वेगाची वेगळी मोजपट्टी लावतात आणि नवख्या माणसांची या दोहोंत गल्लत होते. दीर्घ आजारात एका महिन्यात ५ टक्क्यांहून अधिक, तीन महिन्यांत ७.५ टक्क्यांहून अधिक किंवा सहा महिन्यांत १० टक्क्यांहून अधिक घट झाली, तर ती तीव्र समजतात. म्हणजे पाच टक्के वर्षभरात गेले, तर येत्या काही दिवसांत तपासणीची वेळ घ्यावी. तेच पाच टक्के एका महिन्यात गेले, तर त्याच आठवड्यात डॉक्टरांपर्यंत पोहोचावे.

मूळची किडकिडीत असलेली माणसे पाच टक्क्यांपर्यंत थांबू शकत नाहीत, कारण त्यांच्याकडे खर्चायला साठाच नसतो. कर्करोगातील क्षीणतेच्या आंतरराष्ट्रीय निकषात, बॉडी मास इंडेक्स २० पेक्षा कमी असलेल्या व्यक्तीसाठी दोन टक्क्यांहून अधिक घटही पुरेशी मानली आहे. आपल्याकडे ४० ते ४५ किलोंच्या कष्टकरी स्त्रिया पुष्कळ आहेत. त्यांच्या बाबतीत एक-दीड किलोची टिकून राहिलेली घटही मी सोडत नाही.

आणि काही लक्षणांसमोर टक्केवारी मोजत बसूच नये. घास अडकणे, शौचातून रक्त जाणे किंवा काळी शी होणे, वारंवार उलट्या, दोन आठवड्यांहून अधिक खोकला, रेंगाळणारा ताप, मानेत किंवा काखेत गाठ, यांपैकी काहीही असेल, तर वजन एक टक्क्याने उतरलेले असो वा मुळीच न उतरलेले, दाखवायला जावे. साडेचार टक्के आणि पाच टक्के यांच्यामध्ये शरीरात काही भिंत नसते. घट सलग असेल, तर साडेचारही पुरेसे आहेत. ‘वय झाले की माणूस वाळतोच’ हे स्पष्टीकरणही स्वीकारू नये. निरोगी म्हातारपणात वजन उतरते ते वर्षाला शंभर-दोनशे ग्रॅमच्या गतीने, आणि त्या गतीने पाच टक्के जायला एक तप लागेल.

सातवी पायरी: डॉक्टरांना काय सांगावे

गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात ‘आई फार वाळली’ हे वाक्य विरून जाते. त्याऐवजी कागदावर असे लिहून न्यावे: ‘जूनमध्ये ५६ किलो, मार्चमध्ये ५२.४ किलो, काटा तोच. नऊ महिन्यांत ६.४ टक्के घट, वजन कमी करण्याचा प्रयत्न नव्हता, भूक कमी, संध्याकाळी अंग कणकणते, औषधांत बदल नाही.’ भुकेबद्दल एक शब्द अवश्य लिहावा, कारण शोधाची दिशा त्यावरून बरीच ठरते. भरपूर खाऊनही वजन उतरत असेल, तर अनियंत्रित मधुमेह, थायरॉइडचा अतिरेक किंवा अन्न नीट न पचणे, न शोषले जाणे, यांकडे आधी लक्ष जाते. भूक गेली असेल, तर क्षयरोग, कर्करोग आणि पोटाचे आजार यांच्याबरोबर नैराश्याचाही विचार करावा लागतो. जोडीदार गेल्यानंतर एकट्या राहणाऱ्या माणसाने स्वतःपुरते शिजवणे सोडून दिलेले असते आणि ते तो आपण होऊन सांगत नाही. दात, कवळी आणि तोंडातील जखमा हेही कारण असू शकते. भाकरी सोडून चहा-बिस्किटावर आलेल्या आजोबांचे तोंड उघडून पाहावे.

पहिल्या तपासण्यांत काही सापडले नाही, असे बऱ्याच जणांच्या बाबतीत होते. अशा वेळी वही बंद करू नये. दर महिन्याचे वजन सुरू ठेवावे आणि तीन ते सहा महिन्यांनी, किंवा घट चालूच राहिली तर त्याआधीच, डॉक्टरांना पुन्हा भेटावे.

कारण सापडून उपचार सुरू झाल्यावर मूळ वजन बदलण्याचा मोह होतो, तो टाळावा. वरच्या उदाहरणातील आजींना क्षयरोगाची औषधे सुरू झाली, आणि त्यांच्या गोळ्यांची संख्याही वजनगटावरूनच ठरली. शासनाकडून पोषणासाठी मिळणारे दरमहा १,००० रुपये दूध, अंडी आणि डाळींवर खर्च करायचे घरच्यांनी ठरवले. दोन महिन्यांनी वजन ५३.६ भरले. मार्चच्या ५२.४ शी ताडले, तर वजन वाढले आहे. जूनच्या ५६ शी ताडले, तर अजून ४.३ टक्के तूट आहे. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, म्हणून वहीत दोन्ही लिहाव्यात, आणि वजन सलग काही महिने एका जागी स्थिरावेपर्यंत पहिल्या पानावरचा ५६ हा आकडा खोडू नये.